बॉक्सवरचा कुठला रंग जुळलाच पाहिजे: घरगुती बेकरने छापखान्याला लिहायचं पत्र

केक बॉक्सच्या माझ्या पहिल्या ऑर्डरसोबत मी छापखान्याला एकच ओळ लिहून दिली होती: ‘रंग लोगोसारखेच हवेत.’ बॉक्स आले तेव्हा गडद चॉकलेटी लोगो विटकरीकडे झुकला होता. फिकट गुलाबी बॉक्सवर त्याच गुलाबी रंगाचा गोल स्टिकर लावला, तर तो ठिगळासारखा दिसायला लागला. तणतणत छापखान्यात गेले. मालकांनी शांतपणे विचारलं, ‘ताई, कुठल्या लोगोसारखे? मोबाइलवरच्या, स्टिकरवरच्या की व्हिजिटिंग कार्डवरच्या?’ तिन्ही त्यांच्या टेबलावर शेजारी ठेवले. तीन चॉकलेटी होते, आणि तिन्ही वेगळे.

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पत्रात असायला हवं होतं. छापणाऱ्याला तुमच्या मनातला रंग दिसत नाही; त्याला समोर ठेवता येईल अशी वस्तू लागते. कुठल्या रंगात जरासुद्धा फरक नको आणि कुठल्यात थोडा चालेल, हेही त्याला कळावं लागतं. सगळेच रंग ‘अगदी तसेच’ मागितले की तो स्वतःच्या अंदाजाने एकाला झुकतं माप देतो, आणि तो अंदाज तुमच्याशी जुळेलच असं नाही.

हे पत्र कसं तयार करायचं ते माझ्याच बॉक्सचं उदाहरण घेऊन सांगते. माझे रंग तीन: बॉक्सभर पसरलेला फिकट गुलाबी, लोगोचा गडद चॉकलेटी आणि लोगोतल्या छोट्या पानाचा मस्टर्ड. बॉक्सवर फोटो नाही. हा मुद्दा पुढे फार कामाला आला.

पहिली पायरी: रंगाचा मूळ नमुना ठरवा

तुमचे रंग जिथे जिथे आहेत त्या सगळ्या वस्तू एकत्र करा: स्टिकर, कार्ड, रिबन, जुना बॉक्स. दिवसा खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी पांढऱ्या कागदावर त्या मांडा. भिंत किंवा टेबलक्लॉथ रंगीत असेल तर त्याची छटा सगळ्यांवर पडते, म्हणून पांढरा कागद. बहुतेकांना इथेच कळतं की आपला ‘ब्रँड कलर’ म्हणजे एक रंग नसून जवळच्या नात्यातले चार-पाच रंग आहेत.

त्यातला एक निवडा. तो हातात धरता येणारा हवा. फोनचा स्क्रीन नको. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकतो, तर शाई खोलीतला प्रकाश शोषून उरलेला परत पाठवते. काही झगझगीत गुलाबी, पोपटी आणि निळे स्क्रीनवर दिसतात, पण नेहमीच्या चार शाईंच्या आवाक्यातच नसतात. शिवाय तोच फोटो दोन फोनवर दोन तऱ्हांनी दिसतो. व्हॉट्सॲपवर लोगो पाठवून ‘असाच रंग’ म्हणणं म्हणजे फोनवर केक चाखायला देण्यासारखं आहे.

हातात चांगला नमुना नसेल तर छापखान्यात जाऊन पँटोन या कंपनीचं छापील शेडबुक मागा. त्यात प्रत्येक रंगाच्या पट्टीखाली क्रमांक असतो आणि शेवटी सी किंवा यू हे अक्षर. सी म्हणजे चकचकीत लेप असलेल्या कागदावर ती शाई कशी दिसते ते. यू म्हणजे लेप नसलेल्या कागदावर. शाई तीच, दिसणं वेगळं. यू कागदात शाई मुरते आणि रंग मंद होतो. म्हणून नुसता क्रमांक लिहिणं अर्धवट आहे, अक्षरही लिहा. माझा चॉकलेटी मी ४७६ सी निवडला आणि गुलाबी ७०५ सी. दोन्ही पुस्तकातल्या पट्टीवर पाहून निवडले, कॉम्प्युटरच्या यादीतून नाही. छापखान्याचं पुस्तक फार जुनं असेल तर त्यातल्या फिकट पट्ट्या उडालेल्या किंवा कागद पिवळा पडलेला असू शकतो, तेवढं डोळ्यांनी तपासा.

दुसरी पायरी: रंगांची तीन गटांत विभागणी

या पायरीला घाई करू नका, सगळ्या पत्राचा जीव इथेच आहे.

‘जुळणे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळणे. दोन, सगळे बॉक्स एकमेकांशी जुळणे. छापखान्यासाठी ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम शाई मिसळताना होतं, दुसरं मशीन चालू असताना. आणि तिसरा गट असतो ज्या रंगात फरक पडला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही त्यांचा.

आधी माझी समजूत होती की लोगोचा रंग सगळ्यात महत्त्वाचा. बॉक्स घडी घालून समोर ठेवल्यावर ती बदलली. गुलाबी रंग झाकणावर आहे, पुढच्या बाजूवर आहे, आणि झाकण बंद केलं की दोन्ही एकमेकांना चिकटून उभे राहतात. पसरट फिकट रंग शेजारी शेजारी आले की डोळा बारीकसा फरकही पकडतो. चॉकलेटीचं तसं नाही. गडद रंग थोडा अधिक गडद झाला तर सहसा कळत नाही. मात्र त्याची छटा लाल किंवा हिरवी झाली तर लगेच कळतं.

म्हणून विभागणी अशी झाली. चॉकलेटी नमुन्याशी जुळलाच पाहिजे, कारण तोच रंग स्टिकरवर आणि कार्डावर आहे आणि गिऱ्हाईक त्यावरूनच ओळखतं. गुलाबी नमुन्याच्या जवळपास असला तरी पुरे, पण सगळ्या बॉक्सवर एकच असला पाहिजे. मस्टर्ड पान नखाएवढं आहे. छापखान्यात तयार असलेली जवळची पिवळी शाई चालेल, आणि हे पत्रात स्पष्ट लिहायचं. छापणाऱ्याला एका जागी मोकळीक दिली की बाकी दोन ठिकाणी त्याचं लक्ष मागता येतं.

राहिला ठिगळासारखा दिसणारा स्टिकर. स्टिकर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या मशीनवर छापला जातो. फिकट गुलाबीवर तसाच फिकट गुलाबी चिकटवून दोन्ही एकजीव दिसावेत, ही अपेक्षा जवळजवळ कधीच पुरी होत नाही. त्यावरचा उपाय छपाईत नाही, डिझाइनमध्ये आहे. मी स्टिकरची पार्श्वभूमी पांढरी केली आणि जुळवायच्या यादीतून एक ओळ कमी झाली. तुमच्याकडेही अशी जोडी असेल तर पत्र लिहिण्याआधीच ती मोडा. दोन वस्तू चिकटून येणार असतील तर त्यांचे रंग एक तर अगदी वेगळे ठेवा, नाहीतर दोन्ही एकाच शीटवर छापून घ्या.

तिसरी पायरी: फोर कलर की स्पेशल कलर

छापखाना पहिला प्रश्न हाच विचारतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

फोर कलर म्हणजे निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या बारीक ठिपक्यांतून सगळे रंग तयार करणं. फोटो छापायचा तर हाच मार्ग. स्पेशल कलर म्हणजे हवी ती शाई आधीच मिसळून डब्यात तयार करायची आणि ती एकटीच छापायची. ओळखायचं असेल तर भिंगातून बघा. रंग ठिपक्यांचा दिसला तर फोर कलर, सलग दिसला तर बहुतेक स्पेशल.

माझ्या पहिल्या बॉक्सवरचा चॉकलेटी फोर कलरमधला होता. त्यात मॅजेंटा आणि पिवळा भरपूर, सोबत थोडा सायन आणि काळा. मशीनवर सायन किंचित कमी पडला की तो लाल होतो, किंचित जास्त झाला की हिरवट. माझा विटकरी असाच झाला होता. शिवाय अक्षरं बारीक असली आणि चार शाईंच्या चार प्लेटा, म्हणजे छापायचे साचे, केसभर सरकल्या की अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसते. माझ्या फोन नंबरच्या तीनच्या पोटात गुलाबी डोकावत होतं. छापखान्यात याला रजिस्ट्रेशन हलणं म्हणतात.

फिकट गुलाबीची गोष्ट याहून नाजूक. फोर कलरमध्ये तो मॅजेंटा आणि पिवळ्याच्या विरळ ठिपक्यांनी बनतो. विरळ ठिपक्यात थोडीशीही वाढ झाली तर एकूण रंगात ती मोठी दिसते. स्पेशल कलरमध्ये तीच शाई पारदर्शक पांढऱ्या माध्यमात थोडा रंग घालून पातळ केलेली असते आणि सलग पसरते. थर कमीजास्त होऊ शकतो, पण छटा केशरीकडे किंवा जांभळ्याकडे पळत नाही.

माझ्या बॉक्सवर फोटो नसल्यामुळे चार शाईंची गरजच नव्हती. तीन शाईंत काम झालं: गुलाबी आणि चॉकलेटी स्पेशल, आणि पानासाठी तयार पिवळी. तुमच्या बॉक्सवर केकचा फोटो असेल तर फोर कलर लागेलच, आणि लोगोसाठी पाचवी शाई मागावी लागेल. मशीनला पाचवं युनिट नसेल तर शीट दुसऱ्यांदा मशीनमधून काढावी लागते, काम वाढतं. तेव्हा विचारून ठरवा.

एक मर्यादा सांगून ठेवते. अगदी थोडे बॉक्स असतील तर छापखाना ते डिजिटल मशीनवर काढेल. तिथे सहसा स्पेशल शाई नसते; मशीन तुमचा पँटोन क्रमांक स्वतःच्या रंगांतून जमेल तेवढा जवळ आणतं. अशा वेळी पत्रात क्रमांकावर अडून न बसता, त्याच मशीनवर त्याच बोर्डाचे दोन-तीन नमुने काढून त्यांतून निवड करावी.

चौथी पायरी: बोर्ड आणि लॅमिनेशन पत्रातच लिहा

स्पेशल शाई अर्धपारदर्शक असते. खालचा बोर्ड तिच्यातून दिसतो. पांढऱ्याशुभ्र बोर्डावरचा फिकट गुलाबी पिवळसर बोर्डावर पीच होतो, आणि तपकिरी क्राफ्ट बोर्डावर तर तो नाहीसाच होतो. म्हणून रंगासोबत बोर्डाचं नाव आणि जाडी लिहायची. छापखान्यात जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर बोर्डाचं ग्रॅममधलं वजन. आणि ऐनवेळी ‘तो बोर्ड संपला, दुसरा वापरला’ असं होऊ नये म्हणून बदल करायचा असेल तर आधी कळवावं, हेही लिहायचं.

लॅमिनेशन हा दुसरा चकवा. ग्लॉस फिल्मखाली रंग खोल आणि ओला दिसतो. मॅट फिल्म प्रकाश विखुरते, त्यामुळे गडद रंगावर दुधी झाक येते. माझा चॉकलेटी मॅटखाली कोकोच्या भुकटीसारखा दिसला. तोच हवा असेल तर हरकत नाही, पण मंजुरी लॅमिनेशन झालेल्या नमुन्यालाच द्यायची. फिल्म चढवण्याआधीचा नमुना पाहून होकार देणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

आणखी एक बारकावा मला दुसऱ्या ऑर्डरला कळला. गडद अक्षरं फिकट पार्श्वभूमीवर छापताना छापखाना दोन तऱ्हा वापरतो. एक, गुलाबीत अक्षरांच्या आकाराची पांढरी जागा सोडून तिथे चॉकलेटी बसवायचा. दोन, सलग गुलाबीवरच चॉकलेटी छापायचा, म्हणजे ओव्हरप्रिंट. ओव्हरप्रिंटमध्ये प्लेट थोडी सरकली तरी पांढरी फट दिसत नाही, म्हणून बारीक अक्षरांना हीच तऱ्हा बरी. फक्त गुलाबीवरचा चॉकलेटी पांढऱ्यावरच्या चॉकलेटीपेक्षा जरा उबदार दिसतो. म्हणून चॉकलेटीचा नमुना पांढऱ्या कागदावर नको, गुलाबी छापलेल्या बोर्डावर मागायचा.

पाचवी पायरी: किती फरक चालेल आणि कुठल्या बाजूला

‘थोडाफार फरक चालेल’ या वाक्याला अर्थ नाही. ‘अजिबात फरक नको’ यालाही नाही, कारण मशीनवर शंभरावी आणि हजारावी शीट तंतोतंत एकसारखी नसते. त्यापेक्षा दिशा सांगा. चॉकलेटी किंचित गडद झाला तर चालेल, लाल किंवा हिरवट नको. गुलाबी किंचित फिका चालेल, केशरी किंवा जांभळट नको. मशीन चालवणाऱ्याला ही भाषा लगेच कळते, कारण शाई वाढवायची की घटवायची हे तो यावरूनच ठरवतो.

छापखान्यात रंग मोजायचं यंत्र असेल तर फरक आकड्यात सांगता येतो. त्या आकड्याला डेल्टा ई म्हणतात. साधारण एकच्या आसपासचा फरक सराव नसलेल्या डोळ्याला मुश्किलीने दिसतो. दोन ते तीनच्या आत राहावा अशी मागणी स्पेशल कलरसाठी रास्त आहे. यंत्र नसेल तर आकडा लिहू नका, मोजताच येणार नाही अशी अट कागदावरच राहते. त्याऐवजी तीन पट्ट्या मागा: हवा तो रंग, चालेल इतका फिका आणि चालेल इतका गडद. प्रत्यक्ष छपाईत शीट या दोन टोकांमध्ये असली की पुरे.

पत्र

आता सगळं एका पानात बसवू. माझ्या पत्राचा मसुदा खाली आहे. माप, संख्या आणि रंग तुमचे घाला.

नमस्कार,

मी घरून केक करून विकते. आठ इंची चौकोनी केक बॉक्सचे १,००० नग छापून हवे आहेत. डिझाइनची फाइल वेगळी दिली आहे. रंगांविषयी माझी अपेक्षा खाली लिहीत आहे. यातलं काही तुमच्या मशीनवर शक्य नसेल तर प्लेट बनवण्याआधी मला सांगा, मी डिझाइन बदलेन.

बोर्ड: ३०० जीएसएम, दोन्ही बाजूंनी पांढरा. छपाई फक्त बाहेरच्या बाजूला, वर मॅट लॅमिनेशन. आतल्या बाजूला शाई नको. बोर्ड बदलावा लागला तर छपाईआधी कळवा.

शाई: तीन. फोटो नाही, त्यामुळे फोर कलर नको.

पहिला रंग, चॉकलेटी, पँटोन ४७६ सी. लोगो आणि सगळी गडद अक्षरं याच एका शाईत. हा रंग जुळणं सर्वांत महत्त्वाचं आहे. सोबत माझा स्टिकर जोडला आहे. लॅमिनेशन झाल्यावर बॉक्सवरचा लोगो या स्टिकरशेजारी ठेवून बघणार आहे. किंचित गडद चालेल. लालसर किंवा हिरवट झाला तर चालणार नाही. चॉकलेटी गुलाबीवर ओव्हरप्रिंट करा.

दुसरा रंग, फिकट गुलाबी, पँटोन ७०५ सी, पूर्ण बाहेरच्या बाजूवर सलग. हा क्रमांकाच्या थोडा अलीकडेपलीकडे असला तरी चालेल, पण सगळ्या बॉक्सवर सारखा हवा. झाकण आणि पुढची बाजू बंद केल्यावर शेजारी येतात, तिथे फरक दिसू नये. किंचित फिका चालेल, केशरी किंवा जांभळट नको.

तिसरा रंग, पानाचा मस्टर्ड. तुमच्याकडे तयार असलेली जवळची शाई वापरा, वेगळी मिसळू नका.

नमुना: छपाईआधी दोन्ही स्पेशल शाईंची पट्टी याच बोर्डावर ओढून, चॉकलेटी गुलाबीवर ओढून आणि वर मॅट फिल्म लावून दाखवा. दोन्ही रंगांच्या तीन-तीन पट्ट्या द्या: हवा तो रंग, थोडा फिका, थोडा गडद. मी सही करून एक संच तुमच्याकडे ठेवेन, एक माझ्याकडे.

छपाई सुरू होताना रंग बसलेली पहिली शीट मी येऊन पाहू इच्छिते. वेळ आदल्या दिवशी कळवा. माल देताना सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन न कापलेल्या शीट जोडून द्या.

आपली,
(नाव आणि संपर्क)

पत्र एका पानात राहिलं पाहिजे. ते मशीनशेजारी चिकटवलं जातं आणि चालू कामात कोणी दुसरं पान उलटत नाही. ‘प्रीमियम लुक’, ‘क्लासी फील’ असले शब्दही नकोत. शाई कुठल्या दिशेला न्यायची ते त्यातून कळत नाही. आणि ‘शक्य नसेल तर सांगा’ ही ओळ विसरू नका. माझ्या छापखान्याने त्या ओळीमुळेच फोन करून सांगितलं की डिझाइनमध्ये अक्षरांची सर्वांत बारीक ओळ पांढरी आहे, ती गुलाबी आणि चॉकलेटी शाई पसरून भरून जाईल. मी ती ओळ ठळक केली आणि प्लेट वाया गेली नाही.

फाइल देताना एक गोष्ट तपासा. डिझाइनमध्ये एकाच चॉकलेटीची दोन नावं झालेली असतात, उदाहरणार्थ `PANTONE 476 C` आणि `Brown logo`. डोळ्याला एकच रंग दिसतो, पण फाइल दोन वेगळ्या प्लेटा मागते. डिझाइन करणाऱ्याला सांगा की शेवटी तीनच रंग उरले पाहिजेत आणि त्यांची नावं पत्रातल्यासारखीच हवीत.

नमुना हातात आल्यावर

ओली शाई पाहून होकार देऊ नका. ती वाळताना चमक कमी होते आणि रंग थोडा मागे जातो. एक दिवस थांबलं तर बरं. फिल्म लावलेला नमुना असेल तरी दिवसा खिडकीजवळ आणि नंतर घरातल्या पिवळ्या दिव्याखाली, असा दोन्हीकडे पाहा. वेगवेगळ्या शाईंतून बनलेले दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. माझा जुना फोर कलर स्टिकर आणि नवा स्पेशल चॉकलेटी दुपारी जुळे भाऊ वाटत होते. रात्री दिव्याखाली स्टिकर लालसर झाला. त्यात छापखान्याचा दोष नव्हता. पुढचे स्टिकरही मी त्याच स्पेशल शाईत करून घेतले.

नमुना सपाट पट्टी म्हणून बघून भागत नाही. तो बोर्डावर असेल तर घडी घालून बघा. घडीवर शाई तडकून पांढरी रेघ येते का, हे फिकट रंगात लपतं पण गडद पट्टा घडीवरून जात असेल तर उघडं पडतं. मग स्टिकर लावा, रिबन बांधा, आणि अगदी जवळून नाही, तर गिऱ्हाईक बॉक्स घेताना असतं तेवढ्या अंतरावरून पाहा. नाकाशी धरून पाहिलं तर प्रत्येक नमुना नापास होतो.

मशीनवर उभं राहण्याची वेळ

छपाईच्या दिवशी गेलात तर मंजूर पट्टी आणि स्टिकर सोबत न्या. पहिल्या काही शीटवर रंग बसत असतो, त्यावर मत देऊ नका. ऑपरेटर ‘आता बघा’ म्हणाला की एक पूर्ण शीट घ्या आणि तिची डावी, मधली आणि उजवी बाजू बघा. शाईचा पुरवठा मशीनच्या रुंदीत वेगवेगळ्या पट्ट्यांत कमीजास्त करता येतो, म्हणून एकाच शीटच्या दोन टोकांना गुलाबी वेगळा असू शकतो. एका शीटवर दोन-चार बॉक्स मांडलेले असतात, त्यामुळे डावीकडचे सगळे बॉक्स उजवीकडच्यांपेक्षा गडद निघाले, असं होतं. टोकांचे दोन तुकडे फाडून एकमेकांना चिकटवून धरले की फरक लगेच कळतो.

सांगताना पत्रातलीच भाषा वापरा. ‘छान नाही वाटत’ असं नाही, तर ‘उजवीकडे गुलाबी जास्त आहे’ किंवा ‘चॉकलेटी लाल होतोय’. उपाय काय करायचा ते ऑपरेटरवर सोडा. रंग बसला की त्या शीटवर तारखेसह सही करा, आणि मग तिथे घुटमळू नका. प्रत्येक शंभराव्या शीटला मत बदलणाऱ्या गिऱ्हाईकामुळेच रंग सर्वांत जास्त हलतो.

पुढच्या ऑर्डरसाठी

सही केलेली शीट आणि पट्ट्या बंद पाकिटात, कपाटात ठेवा. भिंतीवर लावू नका. फिकट गुलाबीत रंगद्रव्य कमी असतं आणि उजेडात तो चॉकलेटीच्या आधी उडतो. पाकिटावर तारीख, बोर्ड आणि फिल्म लिहा.

सहा महिन्यांनी पुन्हा बॉक्स हवे असतील तेव्हा शिल्लक राहिलेला शेवटचा बॉक्स छापखान्यात नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. तो बॉक्स मूळ नमुन्यापासून थोडा सरकलेला असतो, नवा त्याच्यापासून थोडा सरकतो, आणि चार ऑर्डरींनंतर गुलाबीचा पीच झालेला असतो, प्रत्येक वेळी ‘मागच्यासारखाच’ छापूनही. दर वेळी पाकिटातली सही केलेली शीट न्यायची, आणि पत्रात एवढंच बदलायचं: ‘मागील बॉक्सशी नाही, सोबतच्या सही केलेल्या शीटशी जुळवा.’